पाळणा कोणत्या खोलीत?



मंडळाच्या या मालेत बहुधा लेखक, समीक्षक बोलतात. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. जवळजवळ चाळीस वर्षं बेळगावात दवाखाना चालवतो आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, साहित्यावर बोलणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत. मी आपला घरातला एक प्रश्न घेतो. तान्ह्या बाळाला रात्री कुठं झोपवायचं? आईबापांच्या खोलीत की वेगळ्या खोलीत?

हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी नव्हता, कारण त्याला उत्तरच एक होतं. बाळंतिणीची खोली असायची, बहुतेक माजघराला लागून, उजेड कमी. त्यात बाज, बाजेखाली शेगडी आणि आईच्या कुशीत बाळ. पुढं खोली बदलली तरी बाळ आईजवळच. आता टिळकवाडीत, शहापुरात तीन-तीन बेडरूमचे फ्लॅट झाले. मुलगी बंगळूर-पुण्याहून किंवा अमेरिकेहून बाळंतपणाला येते. तिची मैत्रीण तिला सांगते, पहिल्या दिवसापासून वेगळं झोपवलंस तर सवय लागेल. सासू सांगते, इतकं लहान पोर एकटं कसं ठेवायचं? दोघींची कुरकुर शेवटी माझ्या टेबलावर येते, आणि सोबत मागणी असते, ‘डॉक्टर, बाळ रात्रभर झोपेल अशी काही पुडी द्या.’ ती पुडी मी देत नाही. का, ते ओघात येईलच.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात, ते आधी सोडवून घेऊ. एक प्रश्न खोलीचा आणि दुसरा अंथरुणाचा. एकाच खोलीत पण आपापल्या अंथरुणावर, एकाच खोलीत आणि एकाच अंथरुणावर, आणि अगदी वेगळ्या खोलीत, अशा तीन तऱ्हा आहेत. आपल्या घरांत ‘जवळ झोपवणं’ म्हणजे एकाच गादीवर असं धरून चालतात, आणि तिकडून आलेली मुलगी ‘वेगळं’ म्हणजे वेगळी खोली असं धरते. मधली तऱ्हा दोघींच्याही बोलण्यात येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये जे सांगितलं, ते नेमकं हेच: बाळ आईबापांच्या खोलीत, त्यांच्या बिछान्याजवळ, पण स्वतःच्या अंथरुणावर, निदान पहिले सहा महिने. म्हणजे अमेरिकेचं नाव घेऊन आपल्याकडे जी वेगळी खोली मागितली जाते, ती तिथले डॉक्टरच इतक्या लवकर द्यायला तयार नाहीत.

मग वेगळ्या खोलीची ही कल्पना आली कुठून? ती सुरक्षिततेच्या विचारातून फारशी आलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य तज्ज्ञांना बाळाला शिस्त लावायची होती. न्यूझीलंडचे ट्रुबी किंग घड्याळ लावून दूध पाजायला सांगत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या पुस्तकात तर मुलांना मांडीवर घेऊ नका, पापे घेऊ नका असा उपदेश केला. बाळ एकटं झोपलं की स्वावलंबी होतं ही समजूत त्या काळातली. पुढं मोठी घरं आणि बाटलीचं दूध यांनी ती सोयीची करून टाकली.

आता सुरक्षिततेकडे येऊ. हा भाग जरा जड आहे, पण टाळता येणार नाही.

वरकरणी निरोगी असलेलं, वर्षाच्या आतलं बाळ कधी कधी झोपेतच जातं. शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही. इंग्रजीत याला थोडक्यात ‘सिड्स’ म्हणतात. अशा मृत्यूंपैकी बहुतेक सहा महिन्यांच्या आत होतात आणि त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात जास्त. आपल्याकडे असं बाळ गेलं की शवविच्छेदन क्वचितच होतं, त्यामुळे मोजदाद नाही. लोक मात्र निकाल देऊन मोकळे होतात. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत जवळच्या एका खेड्यातली बाई माझ्याकडे येई. थंडीत, दोघांच्या मधे, एका गोधडीखाली झोपवलेलं तिचं अडीच महिन्यांचं बाळ सकाळी थंड लागलं. ‘अंगाखाली घेतलंन्’ असं गाव म्हणालं. खरंच तसं झालं, की गोधडी तोंडावर आली, की दुसरंच काही, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पण ती बाई पुढं बारा वर्षं छातीत धडधडतं म्हणून येत राहिली आणि दर वेळी तेवढं एक वाक्य पुन्हा सांगत राहिली. हा आरोप फार जुना आहे. बायबलमध्ये सॉलोमन राजाच्या न्यायाची गोष्ट आहे ना, दोन आया एका बाळावर हक्क सांगतात ती, तिची सुरुवातच रात्री आईच्या अंगाखाली बाळ गेल्यापासून होते. म्हणून मी हे बोलताना आयांना दोष लागणार नाही याची काळजी घेतो. धोका ठरतो तो जागेनं आणि अंथरुणानं, आईच्या मायेनं नव्हे.

खोलीत मोठं माणूस असल्यानं बाळाला संरक्षण का मिळतं, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. जे समजतं ते असं. पहिल्या महिन्यांत काही बाळांच्या मेंदूतली जागं करणारी यंत्रणा कच्ची असते. नाकावर कापड आलं, श्वास अडखळला, की तुम्ही-आम्ही झोपेतच मान वळवतो. ते बाळ वळवत नाही. ते गाढ झोपेत असेल तर धोका अधिक. शेजारी कोणी कूस बदललं, खोकललं, उठून पाणी प्यालं, तर बाळाची झोप थोडी थोडी चाळवत राहते, आणि आईही झोपेत त्याचा आवाज ऐकत असते. म्हणजे ज्या गोष्टीला आपण ‘झोपमोड’ म्हणतो, तीच त्या वयात पहारा करते. म्हणून मी पुडी देत नाही. दोन-तीन महिन्यांचं बाळ सलग आठ तास गाढ झोपावं असं मागणं म्हणजे तो पहारा उठवा असं सांगणं आहे. जायफळ उगाळून जास्त देणं, सर्दीचं गुंगी आणणारं औषध ‘झोपेसाठी’ देणं, यांनाही माझी हीच हरकत आहे. मग ते औषध कोणत्याही पॅथीचं असो, माझ्याही.

न्यूझीलंडमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक बारीक पण उपयोगाची गोष्ट दिसली. खोलीत मोठं माणूस असेल तर धोका कमी होतो, पण नुसतं दुसरं मूल असेल तर तसा फायदा दिसत नाही. आपल्याकडे ‘ताई आहे की शेजारी’ म्हणतात. ताई चार वर्षांची असते आणि दगडासारखी झोपते. तिला राखणीत धरू नये.

अंथरुणाविषयी थोडक्यात सांगतो. बाळ नेहमी पाठीवर झोपवावं. पाश्चात्त्य देशांत मधली काही दशकं पालथं झोपवायचा सल्ला होता. १९९० नंतर तो उलटा केला आणि तिथं हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. गादी घट्ट, सपाट असावी. डोक्याला आकार यावा म्हणून आपण मोहरीची उशी ठेवतो, ती जागेपणी, कोणी समोर बसलेलं असताना ठेवा. रात्रीच्या झोपेत वर्षभर उशी नको, लोड नको, कापसाचं जाड दुपटं नको. कुंची बाहेर जाताना ठीक, झोपेत नको, कारण बाळ उष्णता डोक्यातून सोडतं. साडीची झोळी दुपारी डोळ्यांसमोर चालेल, पण तिच्यात पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाची श्वासनलिका मऊ असते, ती तशी दुमडून राहणं बरं नव्हे. म्हणून रात्रभराची जागा झोळी नाही. आणि बंद खोलीतली शेगडी पूर्णपणे बंद करा. बेळगावच्या पावसाळ्यात तिचा मोह होतो हे मी जाणतो, पण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि तो आई-बाळ दोघांनाही घेऊन जातो.

एका गादीवर झोपण्याविषयी मला नेहमी विचारतात, कारण निम्म्या घरांत दुसरी गादी टाकायला जागाच नसते. जपानात जमिनीवरच्या पातळ गादीवर मूल मधे आणि आईबाप दोन बाजूंना, अशी जुनी रीत आहे. त्यांच्या लिपीतलं नदीचं अक्षर तीन उभ्या रेघांचं असतं, त्यावरून त्या झोपण्याला नाव पडलं आहे. अमेरिकन डॉक्टर सरसकट नको म्हणतात. ब्रिटनमध्ये घरातली परिस्थिती विचारून बोलतात. मी दुसऱ्या पद्धतीनं जातो. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू घेतलेली असेल, झोपेची गोळी चालू असेल, बाळ सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर एका गादीवर अजिबात नको. यांपैकी काही नसेल तरी पहिले महिने चटईवर बाळाचं वेगळं पातळ अंथरूण, आईच्या अंथरुणाला हातभर सोडून, हे कोणत्याही घरात जमतं. एका खोलीच्या घरातही जमतं. पाळणाच हवा असं नाही.

आता सोय. इथं मी एक घर नीट सांगतो.

आई बँकेत, वडील संगणकाच्या कंपनीत, पहिलं बाळ, पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं. नणंद परदेशात. तिनं बाळावर नजर ठेवायचा कॅमेरा पाठवला होता. शेजारची खोली रंगवून, पाळणा आणि मोठी आरामखुर्ची ठेवून तयार होती. दुसऱ्या महिन्यात बाळाला तिथं हलवलं. तिसऱ्या महिन्यात आई माझ्याकडे आली ती डोकेदुखी घेऊन. बोलता बोलता म्हणाली, परवा पाजताना खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ माझ्या मांडीवरून खुर्चीच्या हाताशी, फटीत सरकलेलं होतं. मी औषध बाजूला ठेवलं. सोफा आणि आरामखुर्ची या झोपलेल्या माणसाबरोबर बाळ असण्याच्या सगळ्यांत वाईट जागा. गादीपेक्षाही वाईट. बाळ फटीत रुतलं की तोंड मऊ गादीत दाबलं जातं. वेगळी खोली सुरक्षित म्हणून केली आणि त्या खोलीनंच आईला त्या खुर्चीत नेऊन बसवलं.

मी त्यांना पाच रात्री वहीत वेळा लिहायला सांगितल्या. बाळ कधी रडलं, कधी पाजायला घेतलं, आई परत कधी आडवी झाली. आकडे साधे निघाले. रात्री तीन वेळा उठणं होत होतं आणि प्रत्येक वेळी सुमारे पंचावन्न मिनिटं जात होती. त्यात पाजण्याची फक्त वीस. बाकीचा वेळ कसा जातो पाहा. कॅमेऱ्यातून आवाज येईपर्यंत बाळ पुरतं रडायला लागलेलं असे. मग आई उठून जाई, दिवा लावी, रडून थकलेलं बाळ छातीला लागायला वेळ घेई, आणि पाजून झाल्यावर पुरतं जागं झालेलं पोर झोपवायला पुन्हा वीस मिनिटं.

पाळणा आईच्या बिछान्यापासून हाताच्या अंतरावर आणला. खुर्ची खोलीबाहेर काढली. दिवा मंद, पिवळा, जमिनीजवळ. लंगोट आणि कोरडं दुपटं त्याच बाजूला. बाळ रडायच्या आधी तोंड वळवतं, मूठ चोखतं; जवळ असलं की ते तेव्हाच कळतं. पाजून झालं की बाळ परत पाळण्यात, आणि आईला फार पेंग येत असेल तर पतीला हलवून उठवायचं, त्यानं बाळ ठेवायचं. पतीचं पहिलं म्हणणं, ‘मला सकाळी ऑफिस आहे.’ मी म्हटलं, तिलाही आहे, तिचं फक्त चोवीस तासांचं आहे. दोन आठवड्यांनी वही पुन्हा पाहिली. उठणं तीनच वेळा, पण प्रत्येक वेळी तीस मिनिटं. म्हणजे एकशे पासष्ट मिनिटांची नव्वद झाली. रात्रीचा सव्वा तास आईला परत मिळाला. बाळाची भूक तेवढीच राहिली. पहिल्या महिन्यांत दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, ते कोणती खोली चुकवणार? डोकेदुखी थांबली, त्याचं श्रेय मी माझ्या औषधाला देत नाही.

शेजारी झोपण्याची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती पहिल्या महिन्यातच येते. तान्हं बाळ झोपेत फार आवाज करतं. कण्हतं, घुरघुरतं, पाय झाडतं, तोंड वाकडं करतं. नवी आई लगेच उचलते. बहुतेक वेळा ते झोपलेलंच असतं. त्याच्या झोपेचा निम्मा भाग असाच चुळबुळता असतो आणि असं एक चक्र सुमारे पन्नास मिनिटांत संपतं. चक्र संपताना ते कुरकुरतं आणि पुढच्या चक्रात शिरतं. तुम्ही उचललंत तर शिरत नाही. म्हणून मी सांगतो, डोळे मिटलेले असतील तर मनात साठ आकडे मोजा. रडणं चढलं तर उचला. ओठ निळसर दिसले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, बाळ ढिलं पडलं असेल, तर मात्र आकडे मोजू नका आणि माझ्याकडेही येऊ नका, थेट बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मोठ्या इस्पितळात जा.

याच चुळबुळीमुळे सहा महिन्यांनंतर हिशेब उलटायला लागतो. तोवर बाळ मान धरतं, स्वतः पालथं-उताणं होतं, तोंडावरचं कापड हातानं काढतं. तो मोठा धोका बराच मागं पडतो. आणि रात्रीचं दूध हे पुष्कळ बाळांना भुकेपेक्षा सवयीनं लागतं. मग आई जवळ असणं हेच जागं होण्याचं निमित्त बनतं. पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे पावणेतीनशे आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार महिन्यांच्या आत वेगळ्या खोलीत गेलेली मुलं नवव्या महिन्यात, अजून आईबापांच्या खोलीत असलेल्यांपेक्षा रात्री सरासरी चाळीस मिनिटं जास्त झोपत होती. आमच्या विलायती नणंदबाई हाच आकडा दाखवत होत्या. पण त्यावरून चौथ्या महिन्यातच बाळ हलवावं असं ठरत नाही. धोक्याचे महिने नेमके तेच, आणि घरचा स्वभावही यात मिसळलेला असतो. त्याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे, ते फारसं कोणी सांगत नाही: एका खोलीत असलेली बाळं मध्यरात्री आईबापांच्या बिछान्यात येण्याचा संभव कितीतरी जास्त होता. दमलेली आई पहाटे तीनला पाळण्यापर्यंत हात नेत नाही. पाळणा जवळ ठेवा असं मी सांगतो, तेव्हा हा धोका मी जमेस धरलेला असतो, आणि म्हणूनच पतीला कामाला लावतो.

त्याच घराचं पुढं काय झालं ते सांगतो. कायद्यानं प्रसूतीची रजा आता सव्वीस आठवडे आहे, पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधी जातात, त्यामुळे बाळ पाच महिन्यांचं असताना आई बँकेत रुजू झाली. दिवसभर बाटली-चमचा, रात्री आई. बाळानं भरपाई रात्री केली. पाच-पाच वेळा उठू लागलं. सातव्या महिन्यात आई रोखपालाच्या खिडकीत पेंगू लागली आणि हिशेबात फरक निघायला लागला. तेव्हा बाळ हलवायची वेळ झाली होती. पण रंगवलेल्या खोलीत एकटं नाही. पाळणा आजीच्या खोलीत गेला.

आपल्या घरांची ही व्यवस्था मला परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आजी म्हणजे खोलीतलं मोठं माणूस, पण तिच्याकडे दुधाचा वास नाही. बाळ कुरकुरतं, आजी पाळण्याला हात लावते, ‘हं हं’ करते आणि ते परत झोपतं. आईकडे असतं तर पाजावं लागलं असतं. पहिल्या तीन रात्री रडारड झाली, आई दाराबाहेर उभी राहून रडली. एक पहाटेचं पाजणं ठेवलं होतं. चार वाजता आजी बाळ आणून देई. दहाव्या-बाराव्या रात्रीपासून बाळ दोनदाच उठू लागलं. वजन दर महिन्याला पाहत होतो, ते वाढत होतं, दिवसाला लंगोट सहाच्या वर ओले होत होते. म्हणजे रात्रीचं दूध कमी झाल्यानं उपाशी राहत नव्हतं. वजन थांबलं असतं तर मी पाळणा परत आईकडे न्यायला सांगितलं असतं.

आजीसाठी दोन अटी. एक, बाळ आजीच्या गादीवर नको, पाळण्यातच. आजीची झोप आईसारखी बाळाच्या हालचालीला जुळलेली नसते, आणि पुष्कळ आज्या रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात, ती त्या कोणाला सांगत नाहीत. तुम्ही विचारून घ्या. दोन, आजीची स्वतःची झोप. या आजीला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रात्री चालू होती, ती तिच्या डॉक्टरांना विचारून सकाळी घेतली. नाहीतर नातू झोपला की आजी उठायची आणि आजी आडवी झाली की नातू. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या आजीवर ही पाळी टाकू नका. तिथं आजोबांना विचारा. ते बहुधा जागेच असतात.

ताप आला, सर्दीनं नाक चोंदलं, प्रवासाहून आलात, तर बाळ आठ-दहा दिवस परत आईच्या खोलीत आणायला हरकत नाही. सवय मोडेल म्हणून घाबरू नका, ती दोन-तीन रात्रीत परत लागते. आणि ज्या घरात आजी नाही, दुसरी खोली नाही, तिथं सातव्या महिन्यानंतर त्याच खोलीत पाळणा आईच्या बाजूकडून वडिलांच्या बाजूला न्या, मधे साडीचा एक पडदा टांगा, पाळण्यातून बाळाच्या हाताला लागणार नाही असा. आई दिसत नाही, वास दूर जातो, एवढ्यानंसुद्धा काही बाळांचं उठणं कमी झालेलं मी पाहिलं आहे.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. मच्छरदाणीविषयी एका बाईंनी मघाशीच चिठ्ठी पाठवली आहे: हो, लावा, पण चारी बाजूंनी गादीखाली ताणून खोचलेली, बाळाच्या तोंडावर लोंबणारी नको. आणखी प्रश्न असतील तर आता घेऊ.